चार सीमा आणि मधली रिकामी जागा

चौकटीच्या वहीवर पाच बाय पाचचा चौरस आखा. वरच्या डाव्या कोपऱ्यात १ लिहा आणि उजवीकडे सरकत ५ पर्यंत जा. कड आली, म्हणून खाली वळा: ६, ७, ८, ९. पुन्हा कड आली, आता डावीकडे: १० ते १३. मग वर: १४, १५, १६. इथे मात्र चौरसाची कड आलेली नसते. वरच्या घरात १ आधीच बसलेला असतो, म्हणून आपण उजवीकडे वळतो आणि आतला फेरा सुरू होतो. असं वळत वळत २५ हा आकडा नेमका मधल्या घरात पडतो.

```
 1  2  3  4  5
16 17 18 19  6
15 24 25 20  7
14 23 22 21  8
13 12 11 10  9
```

हाताने भरताना कधी वळायचं हे कुणाला सांगावं लागत नाही. पुढचं घर रिकामं आहे की नाही हे नजर आपोआप बघत असते. प्रोग्रॅमला अख्खं पान दिसत नाही. त्याला एका वेळी एकच घर कळतं, अमुक ओळ आणि अमुक स्तंभ. त्यामुळे जे काम नजर करते ते काही आकड्यांवर सोपवावं लागतं. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला हा प्रश्न बऱ्यापैकी लवकर भेटतो. लीटकोडवर तो ५९ क्रमांकाचा प्रश्न आहे आणि तिथे चौरसाची बाजू १ ते २० मधली असते.

पहिल्यांदा सुचतो तो मार्ग नजरेची नक्कल करण्याचा. चालू दिशा लक्षात ठेवायची, पुढच्या घरात डोकावायचं, ते चौरसाबाहेर असेल किंवा भरलेलं असेल तर दिशा बदलायची. हे चालतं. पण त्यासाठी प्रत्येक पावलाला मॅट्रिक्समध्ये काय लिहिलंय ते वाचावं लागतं, आणि ‘रिकामं’ म्हणजे काय याची खूण आधी ठरवून सगळ्या घरांत भरून ठेवावी लागते. सहसा ती खूण शून्य असते. मग कुणी आकडे १ ऐवजी ० पासून भरायला सांगितले की खूण आणि आकडा यांची गल्लत होते. ज्या मार्गाबद्दल मला लिहायचं आहे त्यात मॅट्रिक्स वाचावंच लागत नाही, त्यात फक्त लिहायचं असतं. काय भरलंय आणि काय उरलंय ही सगळी माहिती चार आकड्यांत मावते.

ते चार आकडे म्हणजे चार सीमा: वरची, खालची, डावी आणि उजवी. कोडमध्ये त्यांना `top`, `bottom`, `left` आणि `right` म्हणू. वरची आणि खालची सीमा म्हणजे ओळींचे क्रमांक, डावी आणि उजवी म्हणजे स्तंभांचे. मोजणी शून्यापासून होते, म्हणून पाच बाय पाचच्या चौरसात सुरुवातीला वरची सीमा ०, खालची ४, डावी ० आणि उजवी ४.

या आकड्यांचा अर्थ मात्र नेमका समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ‘आपण कुठे पोहोचलो’ हे सीमा सांगत नाहीत. त्या सांगतात की अजून रिकामा असलेला आयत कुठून कुठपर्यंत आहे. ओळ `top` पासून `bottom` पर्यंत आणि स्तंभ `left` पासून `right` पर्यंत, दोन्ही टोकं धरून, जी घरं येतात ती सगळी रिकामी, आणि त्याबाहेरची सगळी भरलेली. हे विधान सुरुवातीला खरं असतं, कारण तेव्हा सगळाच चौरस रिकामा असतो. आपल्याला फक्त एवढंच सांभाळायचं आहे की प्रत्येक धाव संपल्यावर ते पुन्हा खरं ठरलं पाहिजे. धाव म्हणजे एका दिशेने एका दमात भरलेली घरं.

आता पहिली धाव. रिकाम्या आयताची सगळ्यात वरची ओळ, म्हणजे ओळ ०, डाव्या सीमेपासून उजव्या सीमेपर्यंत भरली: १ ते ५. या क्षणी आपलं विधान खोटं झालेलं आहे. वरची सीमा अजून ० म्हणते, आणि ओळ ० तर भरून गेली. ते खरं करायचं तर एकच गोष्ट करायची: वरची सीमा एकाने खाली आणायची. आता ती १ झाली आणि रिकामा आयत ओळ १ ते ४, स्तंभ ० ते ४ असा उरला.

दुसरी धाव उरलेल्या आयताच्या सगळ्यात उजव्या स्तंभात, वरून खाली. वरची सीमा आता १ आहे, म्हणून धाव आपोआप ओळ १ पासून सुरू होते. कोपऱ्यातल्या ५ ला ती हात लावत नाही आणि त्यासाठी कुठलीही वेगळी अट घालावी लागत नाही. ६, ७, ८, ९ लिहिले. स्तंभ ४ संपला, उजवी सीमा ३ झाली. तिसरी धाव खालच्या ओळीत उजवीकडून डावीकडे, स्तंभ ३ पासून ० पर्यंत: १० ते १३. खालची सीमा ३ झाली. चौथी धाव डाव्या स्तंभात खालून वर, ओळ ३ पासून १ पर्यंत: १४, १५, १६. वरची सीमा १ असल्यामुळे ही धाव १ च्या घराच्या अलीकडेच थांबते. डावी सीमा १ झाली.

एक फेरा झाला. सीमा आता १, ३, १, ३. रिकामा उरलाय तो तीन बाय तीनचा चौरस, आणि त्याच्यासाठी नवं काहीच शिकायचं नाही. तेच चार टप्पे, त्याच क्रमाने. देवळातल्या प्रदक्षिणेत गाभारा जसा सतत उजव्या हाताला राहतो, तसा या फेऱ्यात रिकामा आयत कायम उजव्या हाताला असतो. फरक इतकाच की इथे प्रत्येक फेऱ्यागणिक आपण आत सरकतो. दुसऱ्या फेऱ्यात १७, १८, १९ वर, २० आणि २१ उजवीकडे, २२ आणि २३ खाली, आणि २४ डावीकडे. सीमा २, २, २, २. एकच घर उरलं.

या एका घरावर थांबून नीट पाहू, कारण शंका इथेच येते. एक घर भरल्यावर उरलेल्या तीन धावांचं काय? पहिली धाव २५ लिहिते आणि वरची सीमा ३ करते. दुसरी धाव ओळ ३ पासून ओळ २ पर्यंत खाली जायला बघते. तीनपासून पुढे मोजत दोन कधीच येत नाही, म्हणून ती एकही घर न भरता संपते आणि उजवी सीमा १ होते. तिसरी धाव स्तंभ १ पासून डावीकडे स्तंभ २ पर्यंत, तीही रिकामी. चौथी ओळ १ पासून वर ओळ ३ पर्यंत, तीही रिकामी. मग बाहेरची अट बघते की वरची सीमा खालच्या सीमेच्या पलीकडे गेली आहे, आणि काम थांबतं. मधल्या घरासाठी वेगळा नियम लिहिणारे कोड पुष्कळ दिसतात. या पद्धतीत त्याची गरज नाही.

पायथनमध्ये हे सगळं असं दिसतं:

```python
def spiral(n):
    a = [[0] * n for _ in range(n)]
    top, bottom, left, right = 0, n - 1, 0, n - 1
    num = 1
    while top <= bottom and left <= right:
        for c in range(left, right + 1):
            a[top][c] = num
            num += 1
        top += 1
        for r in range(top, bottom + 1):
            a[r][right] = num
            num += 1
        right -= 1
        for c in range(right, left - 1, -1):
            a[bottom][c] = num
            num += 1
        bottom -= 1
        for r in range(bottom, top - 1, -1):
            a[r][left] = num
            num += 1
        left += 1
    return a
```

कोड वाचताना प्रत्येक `for` नंतरच्या ओळीकडे लक्ष द्या. सीमा हलवणारी ओळ धावेला चिकटून आहे. ती जागा बदलली तर काय होतं हे पाहणं फार शिकवणारं आहे.

बऱ्याच जणांना चारही सीमा फेऱ्याच्या शेवटी एकदम हलवणं जास्त नीटनेटकं वाटतं: चार धावा आधी, मग चार सीमा. तसं केलं की पहिली धाव १ ते ५ लिहिते, पण वरची सीमा ० च राहते. दुसरी धाव मग ओळ ० पासून सुरू होते आणि ५ च्या घरात ६ लिहिते. तिसरी धाव खालच्या उजव्या कोपऱ्यावर पुन्हा लिहिते, चौथी खालच्या डाव्या कोपऱ्यावर, आणि ती थेट ओळ ० पर्यंत वर जाऊन १ च्या घरात २० ठेवते. प्रत्येक फेऱ्यात चारही कोपरे दोनदा लिहिले जातात. पाचच्या बाजूच्या फेऱ्यात १६ ऐवजी २० लिखाणं होतात, तीनच्या फेऱ्यात ८ ऐवजी १२, आणि मधल्या एकट्या घरावर १ ऐवजी ४. बेरीज ३६. म्हणून मधल्या घरात २५ ऐवजी ३६ दिसले, तर समजावं की सीमा उशिरा हलताहेत.

हीच चूक असताना बाहेरची अट मात्र वेगळी असेल, म्हणजे सीमांऐवजी `while num <= n * n` अशी, तर खूण बदलते. दुसऱ्या फेऱ्याअखेर आकडा ३३ वर पोहोचलेला असतो, अट मोडते, आणि मधलं घर शून्यच राहतं. बरोबर कोडमध्ये दोन्ही अटी सारखंच काम करतात. तरी मी सीमांची अट पसंत करतो. ‘रिकामा आयत उरला आहे तोवर’ असं ती म्हणते, आणि प्रत्यक्ष थांबायचं कारण तेच आहे. किती आकडे लिहून झाले हा त्याचा परिणाम झाला.

दुसऱ्या जातीच्या चुका शून्यं मागे ठेवतात. पायथनमध्ये `range` चं शेवटचं टोक मोजणीत धरलं जात नाही, हे पुढे जाताना सगळ्यांच्या लक्षात राहतं, कारण `right + 1` लिहायची सवय लागलेली असते. उलट दिशेने मोजताना ते निसटतं. तिसऱ्या धावेत `left - 1` च्या जागी `left` लिहिलं की डावीकडचं शेवटचं घर भरायचं राहून जातं. पाच बाय पाचमध्ये खालचा डावा कोपरा शून्य राहतो, आतल्या फेऱ्याचा खालचा डावा कोपराही शून्य राहतो, आणि दोन आकडे मागे पडल्यामुळे मध्यावर २३ येतात. म्हणजे शून्यं कुठे आहेत यावरून कुठली धाव आखूड पडली ते कळतं, आणि मधला आकडा २५ पेक्षा कितीने कमी आहे यावरून ती किती वेळा आखूड पडली तेही. याच जातीची आणखी एक चूक अतिसावधपणातून होते: उजवी सीमा आधीच आत आलेली असताना तिसरी धाव `right - 1` पासून सुरू करायची. तेव्हा शून्य खालच्या ओळीत, कोपऱ्याच्या लगेच डावीकडे सापडतं.

एक चूक सर्पिलाशी संबंधित नाही, पण इथे इतकी भेटते की सांगायला हवी. पहिल्या ओळीत मॅट्रिक्स तयार करताना `[[0] * n] * n` असं लिहिलं तर पाच वेगवेगळ्या ओळी तयार होत नाहीत. एकच ओळ तयार होते आणि तिच्याकडे पाच वेळा बोट दाखवलं जातं. मग कुठल्याही ओळीत लिहिलं तरी ते पाचही ओळींत दिसतं. बाकीचा कोड अगदी बरोबर असला तरी उत्तर म्हणून पाच वेळा हीच ओळ छापली जाते:

```
16 24 25 21 9
```

हे आकडे यादृच्छिक नाहीत. प्रत्येक स्तंभात सगळ्यात शेवटी जो आकडा लिहिला गेला तो तिथे उरलेला आहे. वरचा बरोबर भरलेला चौरस पुन्हा पाहा: पहिल्या स्तंभातला सगळ्यात मोठा आकडा १६, दुसऱ्यातला २४, तिसऱ्यातला २५, चौथ्यातला २१, पाचव्यातला ९. सगळ्या ओळी हुबेहूब सारख्या दिसल्या तर सीमांमध्ये चूक शोधत बसू नये.

आता या पद्धतीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. याच कामाचे कोड पाहिले तर पुष्कळांत तिसऱ्या आणि चौथ्या धावेआधी एकेक अट दिसते: वरची सीमा खालच्या सीमेपलीकडे गेली नसेल तरच खालची ओळ भरा, आणि डावी सीमा उजवीपलीकडे गेली नसेल तरच डावा स्तंभ भरा. आपल्या कोडमध्ये त्या अटी नाहीत, तरी तो बरोबर चालतो. कुणी विचारलं की या अटी हव्यात की नकोत, तर ‘घातलेल्या बऱ्या’ एवढंच उत्तर पुरेसं नाही. चौरसात त्या का लागत नाहीत हे धावांच्या लांबीवरून स्पष्ट दाखवता येतं.

समजा एका फेऱ्याच्या सुरुवातीला रिकाम्या आयतात `h` ओळी आणि `w` स्तंभ आहेत. पहिली धाव `w` घरं भरते आणि एक ओळ खर्ची पडते. दुसरी धाव मग `h - 1` घरं भरते आणि एक स्तंभ खर्ची पडतो. तिसरी `w - 1` घरं भरते, चौथी `h - 2`. चौरसात `h` आणि `w` सारखेच असतात. बाजू ५ असेल तर धावा ५, ४, ४, ३. बाजू ३ असेल तर ३, २, २, १. बाजू २ असेल, जी सम चौरसाच्या शेवटच्या फेऱ्यात येते, तर २, १, १, ०. आणि बाजू १ असेल तर १, ०, ०, आणि चौथीची लांबी उणे एक, म्हणजे जी धाव सुरू होण्याआधीच संपलेली आहे. ओळी संपतात तेव्हा तिसऱ्या धावेलाही भरायला काही उरलेलं नसतं. दोन्ही मापं एकाच वेळी शून्यावर येतात, म्हणून भरलेल्या घरावर पुन्हा लिहिण्याची संधीच येत नाही.

चौरसाऐवजी आयत घेतला की हा मेळ मोडतो. शेवटच्या फेऱ्यात एकच ओळ आणि दोन स्तंभ उरले असं समजा. पहिली धाव दोन्ही घरं भरते. आता एकही ओळ रिकामी नाही. तरी तिसऱ्या धावेची लांबी `w - 1`, म्हणजे १ आहे. खालच्या सीमेचा आकडा अजून त्याच भरलेल्या ओळीवर आहे, आणि धाव तिथे जाऊन एका घरावर पुन्हा लिहिते. तीन ओळी आणि चार स्तंभांच्या आयतावर, अटी न घालता, हे उत्तर येतं:

```
 1  2  3  4
10 13 12  5
 9  8  7  6
```

मधल्या ओळीत ११ च्या जागी १३ आहे. एकूण घरं १२, आणि त्यांत १३ हा आकडा. चूक स्वतःच ओरडून सांगते आहे. उलट बाजूने, एकच स्तंभ आणि तीन ओळी उरल्या असत्या तर चौथी धाव `h - 2`, म्हणजे एक घर पुन्हा लिहिते. म्हणून आयतासाठी तिसऱ्या धावेआधी `if top <= bottom:` आणि चौथीआधी `if left <= right:` घालणं आवश्यक आहे. पहिल्या धावेला अट लागत नाही, कारण बाहेरच्या `while` ने ती आत्ताच तपासलेली असते. दुसरीलाही लागत नाही, कारण ओळी संपल्या असतील तर तिची लांबी आपोआप शून्य होते, आणि स्तंभ तर तोवर कुणी खर्च केलेलाच नसतो.

आणि म्हणूनच चौरसावर कितीही वेळा तपासून खात्री पटलेला कोड आयतावर फसू शकतो. सर्पिल क्रमाने मॅट्रिक्स वाचून काढायचा जो जोडप्रश्न आहे, लीटकोडवरचा ५४ क्रमांकाचा, त्यात आयत दिलेले असतात. भरण्याचा कोड जसाच्या तसा तिथे नेला की एखादा आकडा दोनदा वाचला जातो.

उत्तर बरोबर आलंय की नाही हे मोठ्या चौरसात नजरेने ठरवणं अवघड असतं. सगळ्यात झटपट तपासणी कोपऱ्यांची. बाजू `n` असेल तर वरच्या उजव्या कोपऱ्यात `n`, खालच्या उजव्यात `2n - 1`, खालच्या डाव्यात `3n - 2`, आणि १ च्या बरोबर खालच्या घरात `4n - 4` यायला हवेत (ही शेवटची जागा `n` किमान २ असेल तेव्हाच असते). पाचसाठी ते ५, ९, १३, १६. चारसाठी ४, ७, १०, १२. वर सांगितलेल्या बहुतेक चुका या चार जागांपैकी एखादीवर उघड्या पडतात. पूर्ण खात्री हवी असेल तर १ पासून `n * n` पर्यंतचा प्रत्येक आकडा एकदाच आला आहे का, आणि लागोपाठचे दोन आकडे नेहमी शेजारच्या घरांत आहेत का, हे दोन्ही तपासावं. तरीही कोपऱ्यांची तपासणी सोडू नये. एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उजवीकडून डावीकडे भरत गेलं तरी या दोन कसोट्या पार होतात, आणि ते तर सर्पिल नव्हेच. तपासण्यासाठी मोठा चौरस घ्यायची गरज नाही. १, २, ३, ४ आणि ५ या बाजूंत एकट्या मध्याचा विषम चौरस आणि दोनच्या गाभ्याचा सम चौरस, दोन्ही येऊन जातात.

वेळेचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक घरावर एकदाच लिहिलं जातं, म्हणून वीसच्या बाजूला ४०० लिखाणं आणि हजारच्या बाजूला दहा लाख. भरायची घरंच तितकी असल्यामुळे याहून कमी कुणालाच करता येणार नाही. मॅट्रिक्सखेरीज लागणारी जागा म्हणजे चार सीमा, एक चालू आकडा आणि मोजणीचे एक-दोन चल, चौरस कितीही मोठा असो.

आत जाणारा हा सर्पिल उलटा केला की एक प्रसिद्ध आकृती हाती येते. १९६३ मध्ये पोलिश-अमेरिकन गणिती स्टानिस्लाव उलाम यांनी एका बैठकीत बसल्या बसल्या कागदावर मध्यापासून बाहेर सर्पिलात आकडे लिहिले आणि मूळ संख्यांभोवती वर्तुळं काढली. त्या वर्तुळांचा कल तिरक्या रेषांवर जमण्याकडे दिसला. नंतर लॉस अलामोसच्या मॅनिअॅक-२ या संगणकावर सुमारे ६५,००० पर्यंतच्या आकड्यांचा असा सर्पिल काढला गेला, आणि मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९६४ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरातून तो सर्वांपुढे आणला.

त्यासाठी आपल्या कोडमध्ये सीमांना हात लावायची गरज नाही. जिथे `num` लिहितो तिथे चारही ठिकाणी `n * n + 1 - num` लिहायचं. फेऱ्यांची वाट तीच राहते, फक्त सगळ्यात मोठा आकडा बाहेरच्या कोपऱ्यात जातो आणि १ मध्यावर येतो:

```
25 24 23 22 21
10  9  8  7 20
11  2  1  6 19
12  3  4  5 18
13 14 15 16 17
```

वळणाची दिशा कुठली घेतली यावर चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसू शकतं, पण तिरक्या रेषा त्याच राहतात. इतक्या लहान चौरसातही वरच्या ओळीतल्या २३ पासून उजवीकडे खाली उतरलं की २३, ७, १९ अशा तीन मूळ संख्या एका तिरकस रेषेत सापडतात. मध्यापासून वरच्या डाव्या कोपऱ्याकडे जाणारी रेषा १, ९, २५ अशी विषम संख्यांच्या वर्गांची आहे, कारण प्रत्येक फेरा तिथेच पूर्ण होतो.

हे आकृतीसाठी वापरताना बाजू विषम घ्यावी. चारच्या चौरसात १६ चं घर तिसऱ्या ओळीत दुसऱ्या स्तंभात येतं, उलटं केल्यावर १ तिथेच पडतो, आणि सम चौरसाला नेमकं मधलं असं घर नसल्यामुळे सर्पिल एका बाजूला सरकलेला दिसतो. २०१ ची बाजू घेतली तर ४०,४०१ आकडे मावतात. मूळ संख्यांची घरं काळी आणि बाकीची पांढरी रंगवली की तिरक्या रेषा पडद्यावर स्पष्ट दिसू लागतात.